खेळ थांबवा, अपडेट थांबवू नका: मुलाच्या कन्सोलसाठी राउटरवरची वेळ आणि फिल्टर

प्रश्न: "आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मुलगा ११ वर्षांचा आहे, मागच्या दिवाळीत पीएस५ घेतला. राउटरवर कन्सोलला रोज संध्याकाळी ७ ते ८ एवढंच नेट ठेवलंय, वर फिल्टरही लावलाय. आता तो खेळायला बसला की आधी अपडेट मागतं, तास त्यातच जातो, कधी अपडेट मधेच अडकून बसतं. घरात रोज रडारड. अपडेट होत राहतील पण जास्तीचा खेळ आणि नको ते बंद राहील, असं राउटरवर करता येतं का?"

ताई, एकट्या राउटरवर नाही करता येत. पण कामं वाटून दिली तर व्यवस्थित होतं. खेळाचा वेळ कन्सोलने मोजायचा, राउटरने फक्त रात्रीची कडी लावायची, आणि पहाटेचे चार-साडेचार तास कन्सोलसाठी नेट मोकळं सोडायचं. फिल्टर ठेवायचा, पण फक्त अश्लील आणि घातक साइट्सपुरता. मी ठाण्यात गेली १७ वर्षं घरांतली आणि सोसायट्यांतली नेटवर्कं बसवतो. मुलांच्या कन्सोलसाठी बोलावणं आलं, की दहातल्या सात-आठ घरांत हाच गुंता असतो: आईबापांनी राउटरवर सगळं घट्ट बंद केलेलं, आणि त्यात मुलाच्या खेळाआधी अपडेटचाच गळा आवळलेला.

राउटरला खेळ आणि अपडेट यातला फरक कळत नाही, इथून सुरुवात करू. वेळेचा नियम लावताना तुम्ही कन्सोलचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा नेटवर्कवरचा ओळखपत्ता, निवडता. त्या पत्त्याचं सगळं येणंजाणं राउटर ठरलेल्या वेळी बंद करतो. मुलगा मित्रांशी फुटबॉल खेळतोय, की कन्सोल कोपऱ्यात गुपचूप फाइल उतरवतोय, त्याच्या लेखी सारखंच. त्यामुळे ७ ते ८ एवढंच दार उघडं असेल तर दिवसभर साठलेलं सगळं त्याच तासात आत शिरणार. आणि अपडेट टाळूनही चालत नाही. ऑनलाइन खेळायचं तर खेळाची नवी आवृत्ती लागते, आणि प्लेस्टेशन नेटवर्कवर साइन-इन करायला सिस्टिम सॉफ्टवेअरही ताजं लागतं. डिस्कवरचा एकट्याने खेळायचा खेळ तेवढा जुन्या आवृत्तीवर चालून जातो.

मागच्या वर्षी मानपाड्याला एका घरात गेलो होतो. तुमच्यासारखीच परिस्थिती, १२ वर्षांचा मुलगा, संध्याकाळी एक तास. मी पोचलो तेव्हा तो टीव्हीपुढे मांडी घालून बसला होता, हातात कंट्रोलर, नजर त्या निळ्या पट्टीवर. मला म्हणाला, "काका, काल ५१ टक्के झालं होतं, आज ८ वाजेपर्यंत होईल का?" त्याच्याजवळ बसून हिशेब केला. अपडेट २८ जीबीचं. लाइन १०० एमबीपीएसची, पण राउटर आतल्या खोलीत आणि मधे दोन भिंती, त्यामुळे कन्सोलपर्यंत पोचत होते जेमतेम ३५. एमबीपीएसला ८ ने भागलं की सेकंदाला किती एमबी उतरतात ते कळतं, म्हणजे इथे साधारण ४.४. त्या वेगाने २८ जीबीला पावणेदोन तास लागतात. म्हणजे पोराच्या दोन संध्याकाळी नुसती पट्टी बघण्यात जाणार, आणि तोवर दुसऱ्या खेळाचं अपडेट येऊन उभं. त्याचा बाप म्हणत होता, हा रोज कुरकुर करतो. कुरकुर रास्तच होती. कबूल केलेला तास त्याला मिळतच नव्हता.

त्या घरात पहिलं काम केलं ते राउटरवर नव्हतं, कन्सोलवर होतं. पीएस५ बंद करायचे दोन प्रकार आहेत, पूर्ण बंद आणि रेस्ट मोड. रेस्ट मोडमध्ये समोरचा दिवा नारिंगी राहतो आणि त्या अवस्थेत तो आपणहून अपडेट उतरवू शकतो, पण त्यासाठी तीन ठिकाणी परवानगी द्यावी लागते. `Settings` मध्ये `System`, मग `Power Saving`, मग `Features Available in Rest Mode` इथे `Stay Connected to the Internet` चालू करा. नंतर `Saved Data and Game/App Settings` मध्ये `Automatic Updates` उघडा आणि `Auto-Download` व `Auto-Install in Rest Mode` दोन्ही चालू करा. तिसरं, `System` मध्ये `System Software`, त्यात `System Software Update and Settings`. तिथेही आपोआप उतरवणं आणि बसवणं चालू हवं. यातलं पहिलंच बंद असेल तर बाकी दोन चालू असून उपयोग नाही. रेस्ट मोडमध्ये नेटच नसेल तर उतरवणार कुठून?

आणि मग भिंतीवरचं बटण. मानपाड्याच्या त्या घरात आजी रोज रात्री ११ ला टीव्हीचं मेन बटण बंद करायच्या. त्यांचं म्हणणं, रात्रभर दिवा कशाला जळत ठेवायचा. घराघरांतली ही चांगली सवय आहे, पण इथे ती आड येते. रेस्ट मोडमध्ये असताना वीज तोडली की अपडेट तर राहतंच, वर पुढच्या वेळी कन्सोल सुरू होताना तो नीट बंद केला नव्हता अशी तक्रार करतो आणि आधी स्वतःचं स्टोरेज तपासत बसतो. आजींना मी समजावलं की नारिंगी दिवा म्हणजे यंत्र काम करतंय, फ्रिजसारखं. कन्सोलचा प्लग टीव्हीच्या बोर्डावरून काढून शेजारच्या वेगळ्या सॉकेटला लावला, त्या बटणावर चिकटपट्टी मारली. टीव्हीचं बटण त्या अजूनही बंद करतात. तुमच्याकडे रात्री कोण बटणं बंद करतं ते आधी बघा.

आता वेळेचं. खेळाची वेळमर्यादा कन्सोलच्या कुटुंब खात्यातच लावा. तुमचं खातं पालकाचं, त्याच्याखाली मुलाचं वेगळं खातं, आणि मुलाच्या खात्यावर रोज किती वेळ आणि कुठल्या तासांत खेळता येईल ते ठरवायचं. हे `Family and Parental Controls` मध्ये आहे. वेळ संपल्यावर काय करायचं हेही तिथे विचारतात: नुसती सूचना द्यायची की मुलाला लॉगआउट करायचं. बऱ्याच घरांत ते सूचनेवरच राहिलेलं असतं, म्हणून लोक म्हणतात की कन्सोलची मर्यादा चालत नाही. लॉगआउट निवडा. कन्सोलची मर्यादा खात्याला लागते, यंत्राला नाही, हा तिचा मोठा फायदा. मुलगा बाहेर पडला तरी यंत्र रेस्ट मोडमध्ये आपलं उतरवणं चालू ठेवतं. राउटर हे कधीच करू शकत नाही.

दोन चोरवाटा तिथल्या तिथे बुजवा. `PS5 Console Restrictions` मध्ये नवा वापरकर्ता बनवणं आणि पाहुणा म्हणून शिरणं बंद करा, आणि त्या पानाचा पासकोड बदला. तो मुळात `0000` असतो आणि शाळेत सगळ्या मुलांना तो माहीत असतो. तुमच्या स्वतःच्या खात्यालाही कन्सोलवर लॉगिन पासकोड लावा, नाहीतर मुलगा तुमच्याच नावावर क्लिक करून बसेल.

इथे एक अडचण येते आणि ती आधीच सांगतो, म्हणजे नंतर मन दुखायला नको. आपल्याकडे कन्सोल घेतला की घाईघाईत वडिलांच्या नावाने एकच खातं उघडतात आणि मुलगा त्यावरच खेळायला लागतो. नंतर मुलाचं वेगळं खातं केलं की विकत घेतलेले खेळ त्याला मिळतात, कारण वडिलांच्या खात्यावर `Console Sharing and Offline Play` चालू असलं की त्या कन्सोलवरच्या बाकी खात्यांनाही ते खेळ चालतात. पण सेव्ह केलेली प्रगती आणि ट्रॉफ्या जुन्या खात्यापाशीच राहतात, इकडून तिकडे हलत नाहीत. मानपाड्याच्या मुलाने वडिलांच्या खात्यावर दीड वर्ष खपून संघ उभा केला होता. नवीन खातं म्हटल्यावर त्याचे डोळे भरून आले, आणि मला ते पटलं. ती त्याची मेहनत होती. आम्ही ठरवलं की जुना संघ आहे तिथे ठेवायचा, शनिवार-रविवारी वडील स्वतः पासकोड टाकून ते खातं उघडून देतील, आणि सोमवार ते शुक्रवार तो नव्या खात्यावर खेळेल. त्याला ते चाललं. तुम्हीही हे मुलाला विचारून करा, त्याच्या पाठीमागे नको.

खातं वेगळं करणं जमणारच नसेल, तर मग सगळा भार राउटरवर येतो. तेव्हा दोन खिडक्या ठेवा, संध्याकाळची खेळाची आणि पहाटेची अपडेटची, आणि रात्री कंट्रोलर तुमच्या कपाटात ठेवा. उतरवायला कंट्रोलर लागत नाही, खेळायला लागतो. साधा उपाय आहे, पण मी तो बऱ्याच घरांत सुचवतो आणि तो टिकतो.

राउटरवरची पहाटेची खिडकी मी २ ते साडेसहा ठेवतो. ती इतकी रुंद का, तर कन्सोल नव्या अपडेटची चौकशी त्याच्या सोयीने करतो, मिनिटाचा मुहूर्त आपल्याला ठरवता येत नाही. अर्ध्या तासाची खिडकी दिली तर ती हुकते. आणि मोठं अपडेट असेल तर वर सांगितलेला हिशेब आठवा, ३५ एमबीपीएसला २८ जीबीलाच पावणेदोन तास. जमलं तर कन्सोलला लॅनची तार द्या. मानपाड्याला मी आतल्या खोलीतून पट्टीतून तार ओढून दिली, कन्सोलवर ९० च्या वर मिळायला लागलं आणि तेवढंच अपडेट पाऊण तासाच्या आत उतरलं.

पण तार दिलीत तर नियम पुन्हा तपासा. पीएस५ला वायफायचा मॅक ॲड्रेस वेगळा असतो आणि लॅनचा वेगळा. राउटरवरचा नियम फक्त वायफायच्या पत्त्यावर असेल आणि कन्सोल तारेवर आला, तर राउटरला तो कुणीतरी नवाच पाहुणा वाटतो आणि कुठलाच नियम लागत नाही. `System Software` मधल्या `Console Information` मध्ये दोन्ही पत्ते दिसतात. दोन्ही लिहून घ्या आणि राउटरवर एकाच गटात टाका.

वेळापत्रक भरताना दोन ठिकाणी हमखास चुकतं. पहिलं म्हणजे रंगवलेले चौकोन नेट चालू असल्याचे की बंद असल्याचे, हे प्रत्येक राउटरमध्ये वेगळं असतं. पानावर `Allow` आहे की `Block` ते वाचूनच रंगवा. दुसरं म्हणजे मध्यरात्र. बरेच राउटर रात्री ९ ते पहाटे २ असा एकच नियम घेत नाहीत, किंवा घेतात आणि पाळत नाहीत. त्याचे दोन तुकडे करा, २१:०० ते २३:५९ आणि ००:०० ते ०२:००. आणि वार बघा. शुक्रवारची रात्र १२ नंतर राउटरच्या लेखी शनिवार असते. उद्या सुट्टी म्हणून शुक्रवारी रात्री सूट द्यायची असेल तर दुसरा तुकडा शनिवारच्या खात्यात सैल करावा लागतो.

काही राउटरांवर तासांऐवजी रोजचा कोटाही लावता येतो, म्हणजे दिवसाला ६० मिनिटं नेट. कन्सोलसाठी तो लावू नका. राउटर येणंजाणं बघून मिनिटं मोजतो, आणि रेस्ट मोडमधल्या कन्सोलचंही थोडं थोडं येणंजाणं चालूच असतं. पहाटे अपडेट उतरलं की कोटा तिथेच संपतो, आणि संध्याकाळी पोराच्या हाती शून्य मिनिटं. त्याने एक डावही खेळलेला नसतो आणि राउटर म्हणतो वेळ संपली. असं झालेलं मी पाहिलंय, आणि त्या पोराला घरात कुणी खरं मानायला तयार नव्हतं.

घड्याळ बघायला विसरू नका. राउटरच्या वेळेच्या पानावर `GMT+05:30` हवं. ते राहून गेलं आणि राउटर युटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या, वेळेवर चालत असला, तर तुमची पहाटे २ ची खिडकी आपल्या घड्याळात सकाळी साडेसातला उघडते. माझ्या ओळखीच्या एका घरात, घणसोलीला, वेळ बरोबर होती तरी आठवड्यातून एकदा सगळं विस्कटायचं. वीज जाऊन आली की राउटर आधी उठायचा, फायबरचा डबा नंतर. राउटरला स्वतःची बॅटरी नसते, तो दर वेळी इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. नेट नसताना उठला की त्याचं घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेला जाऊन बसायचं, आणि तो पुन्हा विचारेपर्यंत नियम भलत्याच वेळी लागायचे. उपाय स्वस्त होता. फायबरचा डबा आणि राउटर दोन्हींना चालेल असा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. दोघांचे ॲडॅप्टर १२ व्होल्टचेच आहेत ना, हे मागे लिहिलेलं वाचून मगच घ्या. तुमच्याकडे वीज गेली-आली की एकदा राउटरचं पान उघडून तारीख बघा. बरोबर असेल तर हा प्रश्न तुमचा नाही.

आता फिल्टर. बरेच राउटर तुम्हाला यादी देतात: प्रौढ मजकूर, जुगार, सोशल मीडिया, आणि त्याच यादीत `Games` आणि `Downloads`. पालक काळजीपोटी सगळ्यांवर खूण करतात. कन्सोलवर `Games` बंद करणं म्हणजे फ्रिज घेऊन त्यात दूध ठेवायची बंदी घालण्यासारखं आहे, आणि `Downloads` बंद केलं की अपडेटच बंद. तुमचं अपडेट मधेच अडकतं त्याचं कारण मला इथेच दिसतंय. आधी ह्या दोन खुणा काढून बघा. शब्दावर चालणारा फिल्टर असेल आणि त्यात `play` असा शब्द घातला असेल तर तोही काढा, कारण अपडेट ज्या पत्त्यांवरून येतात त्यांच्या नावातच `playstation` आहे.

उलट बाजूने जाणारेही असतात: सगळं बंद, फक्त ठरावीक नावांना परवानगी. हे कन्सोलला निभत नाही. मानपाड्याच्या वडिलांनी `playstation.com` आणि `playstation.net` अशी दोनच नावं मोकळी ठेवली होती. फाइल्स उतरायच्या, पण साइन-इन होईना, कारण त्यासाठी `sony.com` आणि `sonyentertainmentnetwork.com` कडेही जावं लागतं. ती घातल्यावर साइन-इन झालं, तर खेळच उघडेना. खेळाच्या आतले संघ, हंगाम, छोटे बदल हे त्या खेळाच्या कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येतात, प्रत्येक खेळाचं गाव वेगळं. ती यादी कधी पुरी होत नाही.

त्यापेक्षा कुटुंबासाठीचा डीएनएस वापरा. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा. कुटुंबासाठीचा डीएनएस अश्लील आणि घातक साइट्सचा पत्ता सांगतच नाही, बाकी सगळ्यांचा सांगतो. क्लाउडफ्लेअरचा `1.1.1.3` आणि जोडीला `1.0.0.3`, किंवा क्लीनब्राउझिंगचा `185.228.168.168` आणि `185.228.169.168`. दुसरा जास्त कडक आहे, तो गूगल आणि यूट्यूबही सुरक्षित मोडवर ढकलतो. यातली एक जोडी राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायच्या, पानावर भरा, म्हणजे कन्सोलला आपोआप मिळते. तुमच्या लाइनवर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब पत्ते, चालू असतील तर तिथेही कुटुंबाचाच डीएनएस भरावा लागतो, नाहीतर उपकरणं त्या वाटेने साधा डीएनएस घेतात. क्लाउडफ्लेअरचे ते पत्ते `2606:4700:4700::1113` आणि `2606:4700:4700::1003`.

हा डीएनएस अपडेट अडवतोय का, असा संशय आला तर घरातल्या लॅपटॉपवर हे दोन आदेश चालवा:

```
nslookup gst.prod.dl.playstation.net 1.1.1.3
nslookup gst.prod.dl.playstation.net 1.1.1.1
```

पहिला कुटुंबाचा, दुसरा साधा. दोघांनीही खरे पत्ते दिले तर डीएनएस निर्दोष आहे. पहिल्याने `0.0.0.0` दिलं आणि दुसऱ्याने खरा पत्ता दिला, तर अडवणारा तोच. दोघांचे पत्ते एकसारखे नसले तरी घाबरू नका, ह्या फाइल्स जवळच्या सर्व्हरवरून येतात आणि ते बदलत असतात.

आणि वेळेचा नियम अडवतोय की फिल्टर, हे कन्सोल स्वतः सांगतो. `Settings`, `Network`, `Connection Status`, `Test Internet Connection`. आयपी मिळाला पण त्यापुढची इंटरनेटची ओळच नापास झाली, तर बहुतेक राउटरची वेळ लागलीय. इंटरनेटची ओळ पास आणि साइन-इन किंवा डाउनलोड नापास, तर फिल्टरकडे बघा. ही चाचणी एकदा संध्याकाळी मोकळ्या वेळेत आणि एकदा बंद वेळेत करा, दोन्हींतला फरक लिहून ठेवा. पुढे कधी अडलं की फोनवर कुणालाही नेमकं सांगता येतं.

डीएनएसच्या हातात काय नाही तेही समजून घ्या. खेळाच्या आतलं बोलणं, अनोळखी मुलांचे निरोप, वयाला न शोभणारा खेळ, यातलं त्याला काही दिसत नाही, कारण ते सगळं त्याच परवानगी असलेल्या सर्व्हरवरून बंद पाकिटातून येतं. ते मुलाच्या खात्यावरच आवरायचं. वयाची पातळी, बोलणं आणि निरोप, वेब ब्राउझिंग, महिन्याचा खर्च, चारही एकाच पानावर आहेत. तुमच्या मुलाच्या वयाला मी बोलणं आणि निरोप बंद ठेवून सुरुवात करतो.

घरात पीएस५ऐवजी दुसरा कन्सोल असेल तरी वाटणी हीच. स्विचला निन्टेन्डोचं पालकांसाठीचं फोनवरचं ॲप आहे, त्यात वेळ संपल्यावर खेळ थांबवायची सोय वेगळी चालू करावी लागते. एक्सबॉक्सला मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब खात्यातून वेळ लागते. राउटरचं पहाटेचं गणित तिन्हींना सारखं.

शेवटची चोरवाट राहिली. नवी मुंबईत आणि ठाण्यात फायबर घेतलं की कंपनीचा डबा स्वतःचं वायफाय घेऊन येतो, आणि लोक त्यामागे आपला राउटर लावतात. नियम सगळे आपल्या राउटरवर, आणि डब्याचं वायफाय तसंच चालू, पासवर्ड त्याच्याच खालच्या स्टिकरवर. मुलगा कन्सोल त्या वायफायला जोडतो आणि सगळ्यातून सुटतो. डब्याचं वायफाय बंद करा, किंवा निदान पासवर्ड बदला. फोनच्या हॉटस्पॉटवर मात्र राउटरचं काहीच चालत नाही, तिथे खात्यावरची वेळमर्यादा तेवढी लागू पडते. अपडेट पहाटे उतरायला लागली की हॉटस्पॉटची गरजही कमी होते. मानपाड्याच्या मुलाने तो पूर्वी वापरला होता तो खेळण्यासाठी नव्हे, राहिलेलं अपडेट पुरं करण्यासाठी, आणि वडिलांचा दिवसाचा डेटा त्यात संपला म्हणून ओरडा खाल्ला होता.

तुम्ही आज रात्री इतकंच करा: `Games` आणि `Downloads` च्या खुणा काढा, तीन परवानग्या द्या, पहाटे २ ते साडेसहा नेट उघडा, आणि मुलाला खेळ संपल्यावर पूर्ण बंद न करता रेस्ट मोडमध्ये ठेवायला सांगा. सकाळी डाउनलोडची यादी उघडलीत की रात्री काय उतरलं ते दिसेल. यादी रिकामी आणि दिवा नारिंगी असेल तर घड्याळ बघा. दिवाच विझलेला असेल तर भिंतीवरचं बटण.